नागमोडी कडांची चिठ्ठी

मी एकदा एका डॉक्टरची सही ब्लेडनं खरवडून काढली. वर त्याचं नाव आणि नंबरही कापून टाकला. हे मी कुणाशी भांडण म्हणून केलं नव्हतं. फोटो सुंदर दिसावा म्हणून केलं होतं. नातवंडांना हे सांगितलं की ती विचारतात, "आजी, तू इतकी वेडी होतीस?" मी म्हणते, वेडी नव्हते रे, हुशार होते. वेड्या माणसाच्या हातात कुणी ब्लेड देत नाही.

आमचा एरंडोलला फोटो स्टुडिओ होता. म्हणजे नवऱ्याचा होता. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यात एक खुर्ची, एक पडदा आणि पडद्यावर रंगवलेलं तळं एवढंच होतं. तळ्यात एक हंस होता. त्याची मान रंगवणाऱ्यानं इतकी लांब केली होती की पुढे बसलेल्या प्रत्येक माणसाच्या खांद्यावरून तो डोकावायचा. फोटो नवरा काढायचा, अंधाऱ्या खोलीत धुवायचा, आणि वाळलेले फोटो माझ्याकडे यायचे. कापायचं काम माझं आणि साफ करायचं कामही माझंच. फोटोवर पांढरा ठिपका आला तर बारीक ब्रशनं काळा रंग टेकवायचा. काळी रेघ आली तर ब्लेडच्या टोकानं हळूच खरवडायची, खालचा पांढरा कागद दिसेपर्यंत. दोन महिन्यांत माझा हात असा बसला की मी लोकांचे देवीचे व्रण पुसले, मामलेदार कचेरीतल्या एका कारकुनाचा मस सुद्धा पुसला. तो फोटो घेऊन गेला आणि परत आला. म्हणाला, "वहिनी, मस परत लावा. त्याच्यावरून मला साहेब ओळखतात."

यातून मी काही शिकायला हवं होतं. शिकले नाही.

शिवाय माझ्याकडे एक कटर होतं. साधं कटर फोटो सरळ कापायचं, हे नागमोडी कापायचं, नक्षीदार, पोस्टाच्या तिकिटासारखं. ते आल्यापासून मला सरळ कडेचा फोटो उघडानागडा वाटायला लागला. पासपोर्टचे फोटो सुद्धा मी नागमोडी कापायची, मग नवरा ते निमूटपणे परत छापायचा.

आता सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंना फिट्स यायच्या. जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि फिट्स थांबल्या, पण त्यांनी बजावून सांगितलं होतं की बरं वाटतंय म्हणून गोळी एकही चुकवायची नाही, एकदम बंद तर मुळीच करायची नाही. एकदा चुकवली होती आणि त्या चुलीपाशीच पडल्या होत्या. तेव्हापासून गोळी म्हणजे आत्याबाईंचा देव. आणि डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे त्या देवाची पोथी. ती पोथी उघडून-मिटून चार तुकडे व्हायच्या बेताला आली होती.

"याना फोटो काढ," चिठ्ठी पुढे करत आत्याबाई मुलाला म्हणाल्या. "फोटो फाटत नही."

नवऱ्यानं चिठ्ठी पाटावर चिकटवली, दोन्ही बाजूंनी दिवे लावले आणि मन लावून फोटो काढला. लग्नातल्या नवरीचा काढला नसेल असा. पोस्टकार्डाएवढा छापला, माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "नीट करून ठेव."

नीट कर म्हटल्यावर मी नीट केलं.

वरच्या बाजूला छापील मजकुराची गर्दी होती. नाव, पदव्या, नंबर, दवाखान्याचा पत्ता, फोन, आणि कोपऱ्यात तारीख. ती गर्दी तिरपी आली होती, चिठ्ठीच मुळात तिरपी चिकटवलेली. तिरपं दिसलं की माझ्या डोळ्यात खुपायचं. शिवाय माझ्याजवळ एक फुलांच्या नक्षीचा पुठ्ठा होता आणि त्यात फोटो थोडा मोठा होत होता. मी वरची पट्टी नागमोडी कापून टाकली. खाली उजव्या हाताला एक काळी वेटोळी होती, दिव्याभोवती फिरणाऱ्या किड्यासारखी. निगेटिव्हवर ओरखडा पडला असणार असं म्हणून ती ब्लेडनं खरवडली. गोळीच्या नावापुढे एका आकड्याला एक तिरपी रेघ आणि खाली काहीतरी चिकटलं होतं. तेही खरवडलं. मग फोटो पुठ्ठ्यात बसवला, कोपऱ्याला एक गुलाबाचं चित्र डकवलं आणि आत्याबाईंच्या हातात दिला.

आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो कपाळाला लावला. "बेस व्हयनं," म्हणाल्या. आणि मग त्यांनी त्यांच्या हिशेबानं एक शहाणपणाचं काम केलं. जुना कागद अंघोळीच्या बंबात टाकला. दुखण्याला घरात दोन जागा देऊ नयेत, असं त्यांचं मत होतं. एक फोटो पुरे.

गावातला मेडिकलवाला आत्याबाईंना वर्षानुवर्षं ओळखत होता. तो चिठ्ठी बघायचाच नाही, आत्याबाई दिसल्या की गोळ्या पुडीत बांधायला घ्यायचा. त्यामुळे माझी कलाकुसर कितीतरी दिवस कुणाच्या लक्षात आली नाही. नवऱ्यानंही बघितली नाही, पुठ्ठा आत्याबाईंच्या कमरेच्या पिशवीत असायचा आणि त्या पिशवीत हात घालायची हिंमत घरात कुणाची नव्हती.

मग शिंदखेड्याला लग्न निघालं. आत्याबाईंच्या सख्ख्या भावाच्या मुलीचं. आत्याबाई नवरीच्या एकुलत्या एक आत्या. मांडवात त्यांनी मिरवायचं, विहिणीपुढे ताठ उभं राहायचं, यासाठी त्यांनी लुगडं सुद्धा तीनदा बदलून आणलं होतं. फक्त एक धास्ती होती. मांडवात फिट आली तर? "पोरना घरनास्ले वाटी, आते हाई बी असीच निंघी," त्या मला म्हणाल्या. म्हणजे मुलाकडच्यांना वाटेल नवरीही अशीच निघणार. बोलताना त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. एवढी करारी बाई, पण त्या एका गोष्टीला भ्यायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं निघालो. धुळ्याला गाडी बदलायची. नवरा दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन येणार होता, लग्नाचे फोटो काढायचं काम त्याच्याकडेच होतं. आमच्याकडे एक पिशवी, पिशवीत नव्या कैरीच्या लोणच्याची बरणी आणि बरणीशेजारी गोळ्यांची कागदी पुडी. हे शेजार कुणी ठरवलं यावर पुढे बरीच वर्षं चर्चा चालली. माझं म्हणणं, आत्याबाईंनी. आत्याबाईंचं म्हणणं, मी.

शिंदखेड्याला उतरेपर्यंत बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सुटला होता. गोळ्या लोणच्यात मुरल्या होत्या. पुडी उघडली तर आत लाल तेलाचा चिखल.

आत्याबाईंनी बोट बुडवून चाटलं. "मेथी जास्त व्हयी गयी," म्हणाल्या.

"आत्याबाई, यात गोळी किती आणि मोहरी किती हे कसं कळायचं?"

"दोन चमचा खाऊ का?"

"नको," मी म्हटलं. "मेडिकलमध्ये जाऊ. फोटो आहे ना."

किती ऐटीत म्हटलं मी ते. फोटो आहे ना.

बाजारपेठेतलं मेडिकल दुकान. गल्ल्यावर चष्म्याचे, टक्कल पडलेले एक गृहस्थ. सगळे त्यांना नाना म्हणत होते म्हणून आम्हीही म्हटलं. मी पुठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी गुलाब बघितला. मग फोटो. मग पुठ्ठा उलटा करून मागे बघितलं. मग माझ्याकडे.

"लग्नपत्रिका आहे का?"

"चिठ्ठी आहे. डॉक्टरची."

"कुठल्या डॉक्टरची?"

मी बोट ठेवायला गेले आणि बोट नागमोडी कडेवरून घसरून गल्ल्यावर आलं. डॉक्टर नव्हताच.

"जळगावचे आहेत," मी म्हटलं.

"जळगावात डॉक्टर पुष्कळ आहेत, ताई. नाव?"

आम्ही त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचो. आत्याबाईंनी मदत केली, "गोरा शे. मिश्या शेतस."

नानांनी मान हलवली, जणू हा फार उपयोगी तपशील होता. "मिशीवर औषध देता येत नाही, अक्का. डॉक्टरला नोंदणीचा नंबर असतो. तो चिठ्ठीवर असला तर कळतं की हा खरा डॉक्टर, कुणी अंगारेवाला नाही. तो कुठंय?"

"वर होता."

"तारीख?"

"तीही वरच होती."

"वर कुठं?"

"आता एरंडोलला असेल. केरात."

नानांनी फोटो दारातल्या उजेडाकडे नेला आणि तिरपा धरला. आमच्या धंद्यातली युक्ती त्या माणसाला कशी ठाऊक होती कोण जाणे. फोटोची चकाकी सगळीकडे सारखी असते, पण खरवडलेली जागा मंद पडते. तिरपी धरली की दिसते. खाली उजवीकडे एक मंद डाग दिसला.

"इथं काहीतरी होतं," नाना म्हणाले. त्यांचा आवाज आता बदलला होता. "कुणीतरी खोडलंय."

"मीच," मी म्हटलं. आणि देवाशपथ, मी ते अभिमानानं म्हटलं. "ओरखडा होता. बघा, कळत सुद्धा नाही ना?"

"काय आकार होता ओरखड्याचा?"

मी हवेत बोटानं वेटोळं काढून दाखवलं. ते काढता काढताच माझ्या लक्षात आलं. हात हवेत तसाच राहिला.

"सही," नाना म्हणाले.

दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक शेतकरी होता. तो खोकायचं विसरून बघत होता.

नानांनी चष्मा काढून पुसला. "ताई, असं बघा. ही साधी डोकेदुखीची गोळी नाही. फिटची आहे, झोप आणणारी आहे, लोक तिचा भलताच वापर करतात. खोट्या चिठ्ठ्या घेऊन येतात. पण खोटी चिठ्ठी आणणारा माणूस नाव घालतो, नंबर घालतो, सही घालतो. खरी चिठ्ठी आणून त्यातलं हे सगळं काढून टाकणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहतोय."

"मग देता ना गोळ्या?"

"नाही देत. फोटो चांगला असता तरी फोटोवर दिल्या नसत्या, मला मूळ कागद लागतो. पण चांगला असता तर निदान फोन कुणाला करायचा ते कळलं असतं. या फोटोत सगळं आहे, फक्त चिठ्ठी नाही."

आत्याबाई आता पुढे झाल्या. "नाना, माले बठ्ठं पाठ शे. सकायले अर्धी, रातले एक."

नानांनी फोटोत बघितलं. "इथं सकाळी एक लिहिलंय."

"अर्धी."

"एक आहे, अक्का."

"गोळी मी खास का तुम्ही खातस?"

नाना आता खरोखर मागे सरले. पेशंट एक सांगतो, चिठ्ठी दुसरंच सांगते आणि चिठ्ठी खरवडलेली. मी मात्र फोटोतल्या त्या आकड्याकडे बघत होते. ती तिरपी रेघ. आणि तिच्याखाली चिकटलेलं काहीतरी. एकाखाली दोन. मी अर्ध्याचं एक करून ठेवलं होतं.

हसू नका, पण तेव्हा मात्र मला रडू फुटलं. सही गेली, नंबर गेला, त्याचं हसू होतं. पण कुणी त्या फोटोवर विसंबून आत्याबाईंना सकाळी अख्खी गोळी दिली असती तर? बाई मांडवात नवरीच्या आधी पेंगली असती, नाहीतर आणखी काही. मी नाकात बोलत सगळं सांगितलं. स्टुडिओ, ब्लेड, कटर, गुलाब. कारकुनाचा मस सुद्धा सांगितला.

नानांनी ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला. "ब्लेड फोटोवर फिरवलंत की निगेटिव्हवर?"

"फोटोवर."

"निगेटिव्ह कुठंय?"

मी रडायची थांबले.

आमच्या स्टुडिओत फोन नव्हता. शेजारच्या कापडाच्या दुकानात होता. नानांनी एरंडोलला ट्रंक कॉल लावला. तो लागेपर्यंत त्यांनी आम्हाला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. आत्याबाईंनी त्यांना लोणचं देऊ केलं. त्यांनी ते नाकारलं, आणि का नाकारलं ते आत्याबाईंना पटलं नाही.

फोन लागला. कापडवाल्यानं नवऱ्याला बोलावलं. मी ओरडून सांगितलं की आत्याबाईंच्या चिठ्ठीची निगेटिव्ह काढ. त्यानं विचारलं, फोटोला काय झालं? मी म्हटलं, फोटो सुंदर आहे. पलीकडून तो म्हणाला, "तू कापलास."

तो निगेटिव्ह आणि भिंग घेऊन परत आला आणि कापडाच्या दुकानातल्या ट्यूबलाइटपुढे धरून वाचायला लागला. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळा कागद आणि पांढरी अक्षरं, पण होतं सगळं जिथल्या तिथं. डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी नंबर, दवाखान्याचा फोन, तारीख. आत्याबाईंचं नाव आणि वय. गोळी, तिची ताकद, सकाळी अर्धी. "खाली वेटोळी सही आहे," तो म्हणाला. पलीकडून कुणीतरी साडीचा भाव विचारत होतं तेही ऐकू येत होतं.

नानांनी सगळं एका कागदावर उतरवून घेतलं. आत्याबाईंकडे बघून म्हणाले, "अर्धीच आहे, अक्का."

"मंग?" आत्याबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात त्यांनी नानांना, मला आणि सगळ्या फोटोग्राफीच्या धंद्याला निकालात काढलं.

मला वाटलं आता गोळ्या मिळाल्या. नानांनी दुकानातून बाहेर येऊन समोरच्या दवाखान्याकडे बोट दाखवलं. "हे निगेटिव्हवरून वाचलेलं आहे, ही काही चिठ्ठी नाही. तिथे डॉक्टर आहेत. ते अक्कांना तपासतील, जळगावला फोन करतील आणि लिहून देतील. मग या."

तिथल्या डॉक्टरांनी तसंच केलं. आत्याबाईंचं ऐकून घेतलं, तपासलं आणि निगेटिव्हमधल्या नंबरावर जळगावला फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरांनी आत्याबाईंना लगेच ओळखलं. चिठ्ठीवरून नव्हे. "ती म्हातारी डॉक्टरलाच औषध सांगते का?" असं त्यांनी विचारलं म्हणे. मग इथल्या डॉक्टरांनी आपल्या कागदावर थोड्या दिवसांपुरत्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले की घरी परतल्यावर जळगावला जाऊन नवी चिठ्ठी करून घ्या.

आम्ही तो कागद घेऊन परत गेलो तेव्हा दुकानात खोकल्यावाला शेतकरी अजून बसलेला होता. आणखी दोघे आले होते. नानांनी कागद घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, लग्नात उखाणा घेतात तसं. "डॉक्टरचं नाव, आहे. नंबर, आहे. तारीख, आजची. पेशंटचं नाव, आहे. गोळी किती आणि कशी, आहे. सही..." इथं थांबून त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "ताई, तुम्हीच बघा. ओरखडा आहे का काही?"

"नाही," मी म्हटलं. "सही आहे."

"पुसायची का?"

खोकल्यावाला हसता हसता खोकायला लागला. नानांनी गोळ्या मोजून पुडीत घातल्या, कागदावर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारली आणि पुडी आत्याबाईंच्या हातात दिली. माझ्या हातात नाही. आत्याबाईंनी ती कमरेच्या पिशवीत खोचली आणि बरणीची पिशवी माझ्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. आत्याबाई मांडवात अशा मिरवल्या की विहीणच जरा बावचळली. नवरा लग्नाआधीच पोचला होता, खिशात चिठ्ठीचा नवा फोटो घेऊन. रात्रीतून छापला होता, चारी कोपऱ्यांसकट, पाटाची लाकडी कड सुद्धा दिसत होती. मला म्हणाला, "हा तुझ्याकडे देत नाही." आणि कॅमेरा घेऊन मांडवात गेला.

लग्नाचे फोटो धुऊन आले तेव्हा कापायला मीच बसले. धंदा तर करायलाच हवा. एका फोटोत नवरा-नवरीच्या शेजारी, अगदी कडेला, आत्याबाई उभ्या होत्या. नव्या लुगड्यात, ताठ, अर्ध्या कडेच्या बाहेर गेल्यासारख्या. माझा हात सवयीनं नागमोडी कटरकडे गेला असावा. कारण आत्याबाई पाटावरून उठल्या, माझ्याजवळ येऊन बसल्या आणि फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "पोरी, माले नंबर नही, तारीख ठाऊक नही, सही बी करता येत नही. तरी मी खरी शे. माले कापू नको."